शृंगार, सौंदर्यतज्ज्ञ आणि रिक्षा स्टँड

प्रश्न: विश्रांतवाडीत ब्यूटी पार्लर सुरू करतेय. नाव 'शृंगार' ठरवलंय, पण फ्लेक्सवाला 'श्रृंगार' म्हणतो आणि बहीण 'श्रुंगार'. हँडबिलात 'सौंदर्यतज्ञ' लिहू की 'सौंदर्यतज्ज्ञ'? 'रिक्षा स्टँड' की 'रिक्शा स्टँड'? हे श्र, ज्ञ, क्ष नेमके लिहायचे कसे?

उत्तर:

बोर्डावर शृंगार, हँडबिलात सौंदर्यतज्ज्ञ आणि पत्त्यात रिक्षा स्टँड. छपाईची घाई असेल तर एवढंच पाठवून द्या. मी सदाशिव पेठेतल्या छापखान्यांसाठी मुद्रितशोधन करतो आणि तुमच्या तिन्ही शब्दांशी माझी रोजची गाठ असते, म्हणून कारणंही सांगतो.

आधी शृंगार, कारण खरा घोळ तिथेच आहे.

या शब्दाच्या पहिल्या अक्षरात र नाहीच. श आहे आणि त्याला ऋकार लागलाय, बस. 'कृपा'मध्ये क ला किंवा 'मृग'मध्ये म ला लागतो तसाच. मग फ्लेक्सवाल्याला र दिसतो कुठून? तो दिसतो श च्या गाठीमुळे. श पुढच्या अक्षराला जोडला की पुष्कळदा त्याचं रूप बदलतं आणि डावीकडे एक फितीसारखी गाठ तयार होते. 'श्री'मध्ये ती गाठ असते आणि तिच्या खाली र ची तिरकी रेघ. आपल्या डोळ्यांना 'श्री' इतका सवयीचा की ती गाठ म्हणजेच 'श्र' असं डोक्यात पक्कं बसतं. पण 'विश्वास', 'निश्चय', 'प्रश्न' हे शब्द जुन्या छपाईत बघा. तिथेही श ची तीच गाठ आहे, आणि त्या गाठीच्या पोटात र कुठेही नाही. ('प्रश्न'मधला र प ला लागलाय, श ला नाही.) म्हणजे गाठ श ची, र ची खूण फक्त ती तिरकी रेघ.

जुन्या खिळ्यांच्या छपाईत 'शृ' लिहितानाही हीच गाठ घेऊन खाली ऋकार लावत. वाचणाऱ्याला वाटायचं, हा 'श्र' आणि त्याला खाली ऋकार. तो हाताने लिहिताना तसंच उतरवायचा. मग संगणक आले, त्यांच्या कळफलकांवर 'श्र'ची स्वतंत्र कळ आली, आणि ती दाबून वर ऋकाराची कळ मारली की 'श्रृ' अगदी झोकात उमटू लागलं. डोळ्याला बरोबर वाटतं, पण आतमध्ये जास्तीचा र शिरलेला असतो. मराठीत श, मग र, मग त्यावर पुन्हा ऋ असा एकही शब्द नाही.

तुमच्या बहिणीचं 'श्रुंगार' वेगळ्या वाटेने आलंय. ती कानाने लिहितेय. मराठीत आपण ऋ चा उच्चार 'रु' करतो, त्यामुळे शृंगार ऐकू येतो तो 'श्रुंगार' असाच. कानाला दोष नाही, पण संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आपण मूळ रूपात लिहितो, तेव्हा इथे ऋकारच.

आत काय आहे ते मांडून दाखवतो:

```
शृ  = श + ृ
श्र  = श + ् + र
श्रु = श + ् + र + ु
श्रृ = श + ् + र + ृ   (चूक)
```

दिलासा एवढाच की 'शृ'वाले शब्द रोजच्या वापरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके: शृंगार, शृंखला, शृंग (म्हणजे शिंग किंवा शिखर), आणि पुस्तकी मराठीतला शृगाल, म्हणजे कोल्हा. बाकी श्रम, श्रावण, श्रद्धा, आश्रम, मिश्रण, तुमची विश्रांतवाडी आणि आमचा विश्रामबागवाडा हे सगळे सरळ 'श्र'चे. 'श्रु' येतो तो ऐकण्याशी नातं असलेल्या शब्दांत: श्रुती, बहुश्रुत, शाळेतलं श्रुतलेखन. 'श्रवण' शब्द आठवला की तिथे र आहे हे आपोआप पटतं.

फ्लेक्सवाल्याने पाठवलेल्या मजकुरात नेमकं काय आहे हे डोळ्यांनी ठरवू नका, कारण फॉन्टप्रमाणे रूप बदलतं. काही फॉन्टमध्ये 'शृ'चा श पूर्ण दिसतो आणि ऋकार खाली लटकतो, काहींत गाठ येते. दोन्ही बरोबर. खात्री करायची तर तो मजकूर व्हॉट्सॲपवर मागवा, फोनवर कुठेतरी चिकटवा, कर्सर 'शृ'च्या लगेच पुढे, म्हणजे अनुस्वाराच्याही आधी न्या. तसं जमत नसेल तर शब्दाच्या शेवटापासून एकेक खूण मागे खोडत या. ऋकार खोडल्यावर नुसता 'श' उरला तर लिहिलेलं बरोबर होतं. 'श्र' उरला तर आत र बसलेला होता. बहुतेक फोनवर आणि संगणकावर बॅकस्पेस एका वेळी एकच खूण खोडते, म्हणून ही युक्ती चालते. ज्ञ वरही ती करून बघा: एकदा खोडलं की 'ज्' उरतो, पाय मोडलेला.

आणि हाच तर ज्ञ चा खुलासा. ज्ञ म्हणजे ज् आणि ञ. उच्चार आपण 'द्न्य' करतो, हिंदीवाले 'ग्य' करतात, पण अक्षर तेच. त्यामुळे कानावर विसंबून 'द्न्यानेश्वर' लिहिलं तर ते द, न, य असं तीन अक्षरांचं भलतंच कडबोळं होतं. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या काही कळफलकांवर अगदी हेच होतं, तिथे लक्ष ठेवा. इनस्क्रिप्ट वापरत असाल तर काळजीच नाही: Shift+5 ला ज्ञ, Shift+7 ला क्ष, Shift+8 ला श्र.

आता सौंदर्यतज्ज्ञ. यात ज दोनदा का, हा प्रश्न मला आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं. मूळ जोडणी तत् + ज्ञ, म्हणजे 'ते जाणणारा'. त् च्या पुढे ज आला की त् चाही ज् होतो. सत् + जन याचं सज्जन होतं, जगत् + जननी याचं जगज्जननी, तसंच तत् + ज्ञ याचं तज् + ज्ञ. पहिला ज् हा त् चा बदललेला अवतार, दुसरा ज्ञ च्या पोटातला. एक गाळला की 'तत्'चा त् च गळाला. बोलताना आपण 'तद्न्य' म्हणतो, दुसरा ज कानावर पडत नाही, म्हणून 'तज्ञ' इतकं फोफावलं. दवाखान्यांच्या पाट्यांवर 'नेत्ररोगतज्ञ', 'बालरोगतज्ञ' सर्रास दिसतं.

पण म्हणून सगळीकडे दोन ज घालत सुटू नका. आधीचा शब्द स्वरात संपत असेल तर एकच ज्ञ पुरतो, कारण तिथे बदलायला त् नसतोच. विशेष + ज्ञ विशेषज्ञ, शास्त्र + ज्ञ शास्त्रज्ञ, तसेच सर्वज्ञ आणि कृतज्ञ. 'विशेषज्ज्ञ' लिहिणारे अतिशुद्ध लोकही मी पाहिलेत, त्यांना काय म्हणावं. इनस्क्रिप्टवर तज्ज्ञ उमटवायचं तर त, ज, पाय मोडायची खूण आणि मग Shift+5.

कृतज्ञवरून एक सांगतो. हँडबिलाखाली ग्राहकांचे आभार मानणार असाल तर 'कृतज्ञ' आणि 'कृतघ्न' दोनदा तपासा. दुसऱ्यात घ आणि न आहेत आणि अर्थ नेमका उलटा, उपकार विसरणारा. एका दुकानाच्या वर्धापनदिनाच्या जाहिरातीत 'आम्ही आपले सदैव कृतघ्न आहोत' असं प्रूफ माझ्याकडे आलं होतं. मालकांनी ते वाचून 'छान झालंय' अशी सहीसुद्धा केली होती.

क्ष चं प्रकरण त्या मानाने सोपं. तो क् आणि पोटफोड्या ष. संस्कृत शब्दांत डोळे मिटून क्ष लिहा: शिक्षण, परीक्षा, नक्षत्र, लक्ष्मी. लक्ष्मीत क्ष चा पाय मोडून तो म ला जोडायचा असतो, 'लक्षमी' किंवा 'लक्श्मी' नाही. रिक्षा हा शब्द संस्कृत नाही, मूळचा जपानी. पण मराठीने तो क्ष घालून आपलासा केला, तसाच फारसीकडून आलेला 'बक्षीस'. हिंदीत 'रिक्शा' लिहितात आणि तिथे ते बरोबर आहे, म्हणून हिंदी मजकुरावरून उतरवलेल्या हँडबिलात ते डोकावतं. इंग्रजीतून अलीकडे आलेल्या शब्दांत मात्र क आणि साधा श: सेक्शन, कलेक्शन, कनेक्शन. तेव्हा 'नवीन ब्रायडल कलेक्शन' लिहाल तर क्श, आणि पत्ता देताना रिक्षा.

राहिला फ्लेक्स. शुद्ध मजकूर पाठवूनही छापताना अक्षरं फुटू शकतात, आणि फुटतात ती नेमकी हीच. डिझाइनचं सॉफ्टवेअर जुनं असेल किंवा त्यात भारतीय लिप्यांची सोय चालू केलेली नसेल तर जोडाक्षरं सुटी होतात: क्ष च्या जागी 'क्‌ष' येतो आणि 'रिक्षा'तली र च्या आधी दिसायला हवी ती वेलांटी र च्या नंतर जाऊन बसते. काही दुकानांत तुमचा मजकूर आधी जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतात, त्या बदलातही ज्ञ आणि शृ ची मोडतोड होते. म्हणून 'मजकूर बरोबर आहे' यावर न थांबता छापायला जाणारी शेवटची पीडीएफ मागवा, ती मोठी करून तीन जागा बघा: शृंगारमधला पहिला शृ, तज्ज्ञमधला जोड आणि रिक्षातली वेलांटी. फुटलेलं दिसलं तर ऑपरेटरला तो शब्द त्याच्याच कळफलकावर नव्याने टाइप करायला सांगा. तुमचा मजकूर पुन्हा चिकटवून उपयोग होत नाही, पुन्हा तसाच फुटतो.

एक अपवाद. माणसांची नावं सुधारायला जाऊ नका. हँडबिलावर कुणा सहकारी मुलीचं नाव असेल आणि तिच्या कागदपत्रांत ते 'श्रृती' असं असेल, तर तिला विचारा आणि ती सांगेल तसं छापा. पार्लरचं नाव मात्र दुकान-नोंदणीच्या अर्जावरही 'शृंगार' असंच घाला. एकदा तिथे 'श्रृंगार' चढलं की बिलबुकापासून बँकेच्या खात्यापर्यंत तेच लिहावं लागेल.