‘जर तो येईल तर’ म्हटलं की लोक का हसतात?

प्रश्न: मी लखनौची, लग्नानंतर पुण्यात आले. मराठी समजते, बोलतेही. पण ‘जर उद्या पाऊस पडेल तर मी येईन नाही’ असं म्हटलं की ऑफिसात सगळे हसतात. गोष्ट उद्याची आहे, मग भविष्यकाळ का चालत नाही? छोटे संवाद देऊन समजवा ना.

उत्तर:

हसू दोन गोष्टींचं येतं, एक ‘पडेल तर’चं आणि एक ‘येईन नाही’चं. आमच्या शेजारी भोपाळची एक मुलगी राहते, तिचंही नेमकं इथेच अडायचं. तिच्याशी झालेल्या बोलण्यातूनच सांगते. शनिवारची संध्याकाळ होती, ती दारात उभी.

— काकू, उद्या सिंहगडावर येणार का?
— पाऊस नाही पडला तर येईन.
— आणि पडला तर?
— पडला तर नाही येणार बाई. निसरड्यात माझे गुडघे टिकायचे नाहीत.

आधी सोपं काम उरकू. मी येईन, तू येशील, तो किंवा ती येईल, आम्ही येऊ, तुम्ही याल, ते येतील. पुरुष बोलला तरी ‘येईन’, बाई बोलली तरी ‘येईन’. ‘येतो-येते’सारखी भानगड इथे नाही. ‘करीन’ म्हणायचं की ‘करेन’ यावर डोकं शिणवू नका, दोन्ही कानावर पडेल. मात्र या रूपांना ‘नाही’ चिकटत नाही. नकार द्यायचा तर ‘णार’कडेच जावं लागतं: येणार नाही, करणार नाही. तू असेल तर ‘येणार नाहीस’ आणि अनेकजण असतील तर ‘येणार नाहीत’. म्हणजे तुमचं ‘येईन नाही’ तिथेच ‘येणार नाही’ झालं.

होकारातही ‘णार’ येतो, पण त्याचा सूर वेगळा. ‘येणार का?’ म्हणजे तुमचं ठरलंय का. ‘याल का?’ म्हणजे या ना, अशी विनंती. शेजारणीला ‘काकू, जरा दार उघडाल का?’ म्हणा. ‘उघडणार का?’ म्हणालात तर भांडायला आल्यासारखं वाटेल.

आता तुमचा खरा प्रश्न. गोष्ट उद्याची असली तरी अटीच्या भागात मराठी माणूस भूतकाळाचंच रूप वापरतो: पाऊस पडला तर, वीज गेली तर, ऊन पडलं तर. भविष्यकाळ येतो तो ‘तर’च्या पुढे. मी ते असं समजते की ‘तर’च्या अलीकडे आपण क्षणभर धरून चालतो की गोष्ट घडून गेली, आणि मग पुढे काय होईल ते सांगतो. तुमच्या हिंदीतही ‘बारिश होगी तो’च्या जोडीला ‘बारिश हुई तो’ आहेच. मराठी बोलताना त्यातलं दुसरं आठवा, अर्धं काम तिथेच होईल.

उरलेलं अर्धं जरा चिवट आहे. भविष्यकाळात लिंगाची कटकट नव्हती, ती या भूतकाळी रूपाबरोबर परत येते. तुम्हाला कुणी म्हणेल ‘तू आलीस तर’, तुमच्या नवऱ्याला म्हणेल ‘तू आलास तर’. आणि जिथे ‘त्याने-तिने’वालं वाक्य होतं, मग कर्ता ‘मी’ किंवा ‘तू’ असला तरी, तिथे क्रियापद कर्माकडे बघतं.

— तू भाकरी आणलीस तर मी पिठलं आणीन.
— आणि मी फोन केलाच नाही तर?
— मग मी एकटीच खाईन.

भाकरी स्त्रीलिंगी म्हणून ‘आणलीस’, फोन पुल्लिंगी म्हणून ‘केला’. बोलणारी मुलगीच आहे, पण तिचं इथे काही चालत नाही. बऱ्याच जणांची चूक ‘तर’मध्ये नसते, या जुळणीत असते.

इथवर आल्यावर तुम्ही मला पकडाल, की ‘वेळ असेल तर ये’ असं तर सगळेच म्हणतात, ‘असेल’ भविष्यकाळ नाही का? रूप भविष्याचं आहे, पण अर्थ बहुतेक वेळा आत्ताचा असतो, फक्त आपल्याला माहीत नसलेला.

— काकू, दादा घरात आहे का?
— बघते हं, असेल तर पाठवते.

दादा घरात आहे किंवा नाही, ते आधीच ठरलेलं आहे. काकूंना ठाऊक नाही इतकंच. म्हणून ‘असेल तर’, ‘हवं असेल तर’, ‘झोपला असेल तर’ हे सगळं बरोबर. ‘अस’ धातूला ही मुभा आहे, ‘पड’ला आणि ‘ये’ला नाही. दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा.

— तू आलीस तर भाकरी थापीन.
— तू येणार असशील तर भाकरी थापते.

पहिल्यात तुम्ही दारात उभ्या राहिल्यावर तवा चढेल. दुसऱ्यात तुमचा यायचा बेत आहे एवढं कळलं की मी आत्ताच पिठाला हात घालते. जेवायला बोलावलं असेल तर हा फरक पोटाला कळतो.

तर रविवारी पाऊस पडलाच नाही. मी गेले, आणि ती मुलगी घरीच राहिली, कारण माझा निरोप तिला मिळाला नाही. सोमवारी जिन्यात भेटली.

— काल आली असतीस तर मजा आली असती. वर मटक्यातलं दही काय होतं!
— तुम्ही सांगितलं असतंत तर आले असते ना, काकू.

हातातून गेलेल्या गोष्टीसाठी दोन्हीकडे ‘असता’ लागतो, अलीकडेही आणि पलीकडेही. ती ‘आले असते’ म्हणाली, तिचा भाऊ ‘आलो असतो’ म्हणाला असता. नवशिके एका बाजूला ‘सांगितलं असतं’ म्हणतात आणि दुसऱ्या बाजूला ‘येईन’ ठेवतात. मग ऐकणाऱ्याला कळत नाही की दार बंद झालंय की उघडं आहे. या रूपात ‘नाही’ कुठेच नसतो, तरी ऐकणारा समजतो की सांगितलं नाही आणि आली नाही. आजच्या खोट्या कल्पनेलाही हेच रूप चालतं: ‘माझ्याकडे गाडी असती तर दर रविवारी गेले असते.’

तुम्ही लक्षात घेतलं असेल, इतक्या संवादांत ‘जर’ एकदाही आला नाही. बोलताना तो सर्रास गळतो. लिहिताना किंवा ठासून सांगताना ठेवा, पण ‘तर’ सोडू नका. आणि त्याला चुकून वेलांटी दिलीत तर अर्थ उलटतो. ‘पाऊस आला तर येणार नाही’ ही अट झाली. ‘पाऊस आला तरी येईन’ ही जिद्द झाली.

ती मुलगी आता हे बरोबर बोलते. परवाच दारातून ओरडली:

— काकू, या रविवारी पाऊस पडला तरी मी येणार! तुम्ही नाही आलात तर एकटी जाईन.
— जा की. पण दही आणलं नाहीस तर दार उघडणार नाही.