स्वॉट तपासताना आधी कंपनीचं नाव झाका

पहिल्यांदाच दुसऱ्याचं विश्लेषण तपासताय, तर भाषा आणि तक्ते सध्या सोडा. दोनच गोष्टी बघा. केस टाटा नॅनोची आहे, म्हणून तिच्यावरच सांगतो.

१. ‘मजबूत ब्रँड’, ‘वाढती स्पर्धा’ अशा ओळींत नॅनोऐवजी अल्टो घालून वाचा. ओळ तशीच खरी राहिली तर ती बिनकामाची. समासात ‘केसमधला पुरावा?’ लिहा. ‘२००८ मध्ये कारखाना सिंगूरहून साणंदला हलवावा लागला, उत्पादन लांबलं’ ही ओळ मात्र दुसऱ्या कुणाला चिकटत नाही.

२. प्रत्येक शिफारशीपासून मागे स्वॉटमधल्या मुद्द्यापर्यंत पेन्सिलीने रेघ ओढा. ‘सर्वांत स्वस्त कार’ ही प्रतिमा नडली असं दुर्बलतेत लिहिलंय, आणि शिफारस काय, तर ‘जाहिराती वाढवा’! रेघ जुळल्यासारखी दिसते, पण जाहिरात तीच राहिली तर तीच प्रतिमा आणखी पसरेल. जाहिरातीत नेमकं काय बदलायचं, ते विचारा. जिला रेघच नाही (‘कर्मचारी प्रशिक्षण’ हमखास असतं), ती शिफारस खोडायला सांगा.

नवखे तपासणारे बहुधा ‘आणखी मुद्दे घाला’ असा शेरा मारतात. त्याने चारही चौकोन फुगतात, बाकी काही होत नाही. मुद्द्यांना गुण देणं वगैरे पुढच्या खेपेला.