‘रेझोल्यूशन’ आणि ‘क्लॅरिटी’ हे एकच का?

प्रश्न : आम्ही चित्रपट दाखवणाऱ्या ॲपची वरची, ४केवाली योजना घेतली. जावई म्हणतात रेझोल्यूशन चौपट झालं, सासूबाई म्हणतात क्लॅरिटी आहे तीच आहे. दोन्ही शब्द एकच ना? मराठीत काय म्हणायचं? आणि आवाजालाही तोच शब्द चालेल का? टीव्ही ४३ इंची, ४केचा आहे, पलंगापासून नऊ फुटांवर. बॉक्सची एचडीएमआय वायर २०१२ साली घेतलेल्या होम थिएटरमधून टीव्हीत जाते. (रामबाग, इंदूर)

उत्तर : एकच नाहीत, आणि तुमच्या घरात सासूबाईंचं म्हणणं जास्त खरं आहे.

‘रेझोल्यूशन’च्या मुळाशी लॅटिनमधलं ‘सोडवणं, सुटं करणं’ आहे. सभेत गुंता सोडवून जे ठरतं तोही रेझोल्यूशनच, त्याला आपण ठराव म्हणतो. प्रकाशशास्त्रात जवळजवळचे दोन ठिपके एक न होता दोन दिसणं म्हणजे रेझोल्यूशन. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत त्याला ‘विभेदन’ म्हणतात. शब्द नेमका आहे, पण घरात कोणी तो उच्चारणार नाही. आपल्या बोलण्यात मात्र ही कल्पना कधीचीच आहे. ‘चष्मा लावल्यावर अक्षरं सुटी दिसायला लागली’ असं आपण म्हणतो, ते हेच. महेश्वरी साडीच्या बारीक चौकटी पडद्यावर बघा. दोन रेघांमधली जागा दिसली तर विभेदन पुरेसं आहे. तिथे नुसता करडा पट्टा दिसला तर ते अपुरं आहे. म्हणून मी रेझोल्यूशनला ‘बारकावा’ म्हणतो.

टीव्हीच्या बाबतीत हा शब्द पुढे ठिपके मोजण्यासाठी वापरला जाऊ लागला. फुल एचडीत आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके. टीव्हीच्या ४केत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. जावयांचं ‘चौपट’ इथून आलं. (नावांत एक गोंधळ आहे तो सांगून ठेवतो : १०८० ही उंची आहे आणि ‘४के’ ही साधारण चार हजारांची रुंदी, म्हणून नावांवरून तुलना करायला गेलं की फसायला होतं.) ही मोजणी पाठवणाऱ्याच्या बाजूची झाली. ‘क्लॅरिटी’ हा डोळ्याने दिलेला निकाल आहे. मधल्या वाटेवर बरंच काही घडतं, आणि तुमच्याकडे ते दोन ठिकाणी घडलंय.

आधी योजनांमध्ये फरक का असतो ते बघू. न दाबलेलं ४के चित्र सेकंदाला सुमारे २४० कोटी बिट खातं. ते घरापर्यंत येताना दीड कोटीच्या आसपास दाबलेलं असतं. ४केसाठी सेकंदाला साधारण १५ मेगाबिटचा वेग मागतात तो यासाठीच. फुल एचडीला ५ मेगाबिट पुरतात. एकाच चित्रपटाच्या अशा अनेक प्रती वेगवेगळ्या मापांत दाबून ठेवलेल्या असतात, आणि प्रत्येक प्रत काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेली असते. तुमचा बॉक्स प्रत्येक तुकड्याला बघतो की आत्ता नेट किती देतंय, आणि त्याप्रमाणे वरची किंवा खालची प्रत मागवतो. या रचनेला त्या धंद्यात शिडीच म्हणतात, म्हणून योजनेच्या ‘टियर’ला ‘पायरी’ हा आपला शब्द चपखल बसतो. स्वस्त योजनेत शिडी ४८० किंवा ७२०च्या पायरीवर थांबते, मधल्या योजनेत १०८०वर, महागड्या योजनेत ती २१६०पर्यंत जाते. जास्त बिट पाठवायला कंपनीला खर्च जास्त येतो आणि मोठा टीव्ही असलेलं गिऱ्हाईक जास्त पैसे मोजायला तयार असतं, अशी दोन्ही कारणं आहेत. पण पैसे भरून तुम्ही शिडीवर चढायची परवानगी घेतलीत. चढणं यंत्रांच्या हातात आहे.

इथेच दुसरा एक शब्द लागतो, कारण ‘क्लॅरिटी’त दोन वेगळ्या तक्रारी मिसळलेल्या असतात. केस, जरीकाम, दूरच्या पाटीवरची अक्षरं विरघळल्यासारखी दिसली तर बारकावा कमी आहे. पण रात्रीच्या आकाशात पट्टे दिसले, धुरात किंवा पावसात चौकोनी ठोकळे उमटले, तर ठिपके पुरेसे असूनही बिट कमी पडलेत. त्या दुसऱ्या गुणाला मी ‘नितळपणा’ म्हणतो. बिटरेट, म्हणजे सेकंदाला येणारे बिट, हे त्याचं माप. भरपूर बिट असलेलं फुल एचडी चित्र पोट खपाटीला गेलेल्या ४केपेक्षा डोळ्याला चांगलं दिसतं, आणि जेल रोडवरच्या दुकानात ‘एकदम साफ’ म्हणून दाखवतात ते मुद्दाम तयार केलेलं, भरपूर बिटांचं चित्र असतं. आपली मंडळी ‘साफ दिसतंय’ म्हणतात तेव्हा पुष्कळदा नितळपणाबद्दलच बोलत असतात.

आता तुमचं घर. बॉक्सची वायर होम थिएटरमधून जाते, ही पहिली अडचण. ४के चित्राची नक्कल होऊ नये म्हणून वायरीवर एक कुलूप असतं, त्याचं नाव एचडीसीपी. ४केसाठी सहसा त्याची २.२ ही आवृत्ती लागते आणि ती २०१३मध्ये आली. चित्र सोडण्याआधी बॉक्स पुढच्या प्रत्येक यंत्राला विचारतो की ही किल्ली तुझ्याकडे आहे का. तुमचं होम थिएटर २०१२चं, त्याच्याकडे ती असणार नाही. मग बॉक्स गुपचूप १०८०वर उतरतो. बहुतेक वेळा पडद्यावर कसलीही सूचना येत नाही, चित्र चालू राहतं, आणि योजना वरची असल्याने सगळ्यांना वाटतं की ४के आलंय.

हे पाच मिनिटांत तपासता येतं. बॉक्सवर ४के म्हणून दिलेला कार्यक्रम लावा आणि टीव्हीच्या रिमोटवरचं माहितीचं बटण दाबा. बऱ्याच टीव्हींवर आत येणाऱ्या चित्राचं माप दिसतं. तिथे `1920x1080` आलं तर निदान पक्कं समजा. मग बॉक्सची वायर सरळ टीव्हीत लावा आणि पुन्हा बघा, `3840x2160` यायला हवं. तरी आलं नाही तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय जागेसाठी जास्त क्षमतेचा सिग्नल चालू करायची सोय शोधा. पुष्कळ टीव्हींत ती कारखान्यातून बंदच येते. बॉक्स मुळात ४केचा आहे का हेही बघून घ्या, कारण जुने बॉक्स आणि स्टिक १०८०च्याच असतात. टीव्हीतच ते ॲप असेल तर ही सगळी वायर टाळून थेट त्यावर लावून बघणं सगळ्यात सोपं.

दुसरी अडचण वायरीने सुटणारी नाही, ती नऊ फुटांची आहे. चांगल्या नजरेच्या माणसाला एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचं अंतर सुटं दिसतं. ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंटीमीटर रुंद असतो. त्यावर १९२० ठिपके पसरले तर एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा होतो. हे अर्ध्या मिलिमीटरचे ठिपके सुटे दिसायचं अंतर साधारण १.७ मीटर, म्हणजे साडेपाच फूट. नऊ फुटांवरून नजरेला पाऊण मिलिमीटरपेक्षा बारीक काही सुटं दिसत नाही. म्हणजे फुल एचडीचेच ठिपके तुमच्या पलंगावरून एकमेकांत मिसळतात, मग त्यांचे चार-चार तुकडे केले तरी सासूबाईंना फरक कसा दिसणार? मी घरी टेप लावून हे करून पाहिलं. टीव्ही माझाही ४३ इंचीच. खुर्ची पाच फुटांवर घेतली तेव्हा महेश्वरीच्या काठातली वीण उलगडली, तिथून मागे सरकत साडेसहा-सात फुटांवर गेलो तोपर्यंत फुल एचडी आणि ४के ही दोन्ही चित्रं सारखी झाली होती. नऊ फुटांवरून ४केचा बारकावा दिसायला पडदा सत्तर इंचांच्या आसपास किंवा त्याहून मोठा लागेल.

म्हणून वरची योजना वाया गेली असं मात्र नाही. त्या पायरीवर बरेचदा एचडीआरही मिळतं. त्याचा ठिपक्यांशी संबंध नाही, तो उजेड आणि अंधार यांच्यामधला पल्ला आहे. दिव्याची ज्योत पांढऱ्या डागासारखी न दिसता तिच्यातला पिवळा रंग दिसतो, आणि हे नऊ फुटांवरूनही कळतं. फक्त त्यासाठी टीव्हीचा उजेडही तेवढा लागतो. डब्यावर ‘एचडीआर’ लिहिलेल्या कितीतरी स्वस्त टीव्हींना तो झेपत नाही.

आवाजाला ‘बारकावा’ म्हणायला हरकत नाही, पण योजनांमधला फरक मुख्यतः तिथे नसतो. खालच्या पायऱ्यांवर दोन चॅनेलचा किंवा ५.१चा, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांचा, आवाज येतो, सगळ्यात वरच्या पायरीवर डॉल्बी ॲटमॉस. इथे वाढतो तो आवाजाचा ‘फैलाव’ : समोरून, बाजूने, मागून, आणि ॲटमॉसमध्ये डोक्यावरूनही. ॲटमॉसची घरगुती यंत्रं २०१४पासून मिळू लागली, त्यामुळे तुमच्या होम थिएटरला त्याची ओळख नाही. पण चित्रपटांसोबत येणाऱ्या ॲटमॉसच्या आत ५.१चा पाया असतो आणि जुनं यंत्र तेवढा भाग वाजवतं. बॉक्स टीव्हीला जोडल्यावर आवाज उलट दिशेने होम थिएटरकडे न्यावा लागेल. दोन्हीकडच्या एचडीएमआय जागांवर `ARC` लिहिलेलं आहे का ते बघा. २००९च्या एचडीएमआय १.४मध्ये ही सोय आली होती, तेव्हा २०१२च्या यंत्रात ती असण्याची बरीच शक्यता आहे. मग टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट `PCM`वर असेल तर ते बदला. `PCM`वर बहुतेक टीव्ही सगळा आवाज दोन चॅनेलमध्ये कोंबतात आणि मागचे स्पीकर मुके राहतात.

`ARC` नसेल तर ऑप्टिकल वायर आहेच. तिच्यातून साधं डॉल्बी ५.१ जातं, ॲटमॉस जात नाही, पण तुमच्या यंत्राला तेवढंच हवंय.