अनोळखी माणसाचे पैसे खात्यात आले, परत पाठवू का?

"नागपूरला सीताबर्डीत दुकान आहे. खात्यात अनोळखी 18,000 रुपये आले. फोनवरचा माणूस म्हणतो, चुकून गेले, दुसऱ्या नंबरवर परत टाका. टाकू का?"

नका टाकू, भाऊ. आले एका खात्यातून आणि मागतात दुसऱ्याच नंबरवर, फसवणुकीची खूण हीच. हे पैसे बहुधा लुबाडलेल्या कुणाचे तरी असतात. त्याने 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की पोलीस व्यवहारांची साखळी धरत तुमच्या खात्यापर्यंत येतात. मग बँक ती रक्कम, कधी अख्खं खातंच गोठवते. तुम्ही पैसे पुढे पाठवलेले असतील, तर साखळीतले भागीदार वाटता.

रकमेला हात लावू नका. आजच शाखेत लेखी अर्ज द्या: व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, मागणाऱ्याचा फोन नंबर आणि 'आले त्याच खात्यात बँकेमार्फत परत करा' अशी विनंती. पोचशिक्क्याची प्रत घ्या. खातं गोठलंच, तर पोलिसांना दाखवायला तीच कामी येईल.