पहिल्या प्रकरणातली चार पानं इतिहासाची

प्रश्न : माझ्या फँटसी कादंबरीची पहिली चार पानं राज्याचा इतिहास, वीस वर्षांपूर्वीचं युद्ध, अग्निकुळावरची बंदी आणि जादूचे नियम यातच जातात. वाचणारे म्हणतात, कंटाळा येतो. पण हे आधी सांगितलं नाही तर पुढचं कळणार कसं?

उत्तर : तुमची चारही पानं वाचली. त्यात एक वाक्य सोन्यासारखं आहे, पण ते तिसऱ्या पानाच्या तळाशी गाडलं गेलंय: जादूने आग पेटवणाऱ्याच्या अंगातली ऊब जाते आणि त्याचे हात दिवसभर गार राहतात. प्रकरण इथूनच सुरू करा.

आधी त्या पानांची प्रिंट काढा आणि प्रत्येक वाक्याशेजारी लिहा, की या माहितीमुळे याच प्रकरणात कोणाचा कोणता निर्णय बदलतो. मी करून पाहिलं. तीनच गोष्टी उरल्या: आग पेटवणं गुन्हा आहे, हात गार पडतात, आणि घाटावर तपासणी होते. राजघराण्याची वंशावळ, युद्धाचं साल, तीन नद्यांची नावं यांमुळे तुमची नायिका रेवा या प्रकरणात काहीच वेगळं करत नाही. ते सगळं वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, पुढे लागेल.

उरलेल्या तीन गोष्टी सांगायच्या नाहीत, त्या रेवाच्या वाटेत आडव्या आणायच्या. तुमचंच साहित्य घेऊन एक तुकडा लिहून बघितला:

> रांग एक पाऊल सरकली. रेवाने ओच्यातलं रताळं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. घरून निघताना चटका बसत होता, आता ते जेमतेम कोमट होतं. काल रात्री तापलेल्या भावासाठी तिने चूल पेटवली होती, काडी न लावता. पुढच्या म्हाताऱ्याचं मनगट शिपायाने धरलं.
>
> "गार का?"
>
> "नदीवर धुणं धूत होतो, मालक."
>
> शिपायाने वहीत काहीतरी लिहिलं आणि त्याला कडेच्या बाकावर बसवलं. त्या बाकावरून उठून कुणी घरी गेलेलं रेवाने पाहिलं नव्हतं.

'बंदी' हा शब्द यात कुठेही नाही, तरी बंदी कळते. जादूचा नियम रताळ्यातून कळतो, कारण ते निवत चाललंय आणि रांग अजून संपलेली नाही. वाचक नियम पाठ करत नाही, तो रेवाबरोबर घाबरतो. आणि घाबरलेला वाचक नियम विसरत नाही.

'काल रात्री' हे वाक्य मात्र मी सरळ सांगून टाकलं, ते मुद्दाम. रेवाला जे माहीत आहे आणि जे तिच्या मनात या क्षणी घोळतंय, ते वाचकापासून लपवलं तर त्याला कोडं घातल्यासारखं वाटतं. माहितीचा ढीग टाळताना पुष्कळ जण या दुसऱ्या टोकाला जातात: अर्धवट इशारे, पानभर अनोळखी शब्द. ती कोण, कुठे आहे, तिला काय हवंय, हे पहिल्या पानातच कळू द्या. नवे शब्द मी पानाला दोन-तीनच ठेवतो.

दुसरी अडचण तुमच्या संवादात आहे. आई म्हणते, "तुला माहीतच आहे रेवा, वीस वर्षांपूर्वीच्या युद्धानंतर अग्निकुळावर बंदी आली." रेवाला माहीत आहे, तर आई सांगतेय कोणाला? इंग्रजी विज्ञानकथा लिहिणाऱ्यांमध्ये या चुकीला 'अॅज यू नो, बॉब' असं नावच पडलंय. दोघींना ठाऊक असलेली गोष्ट तोंडावर येते ती बोचायला, अडवायला किंवा गयावया करायला. रेवा घाटाकडे निघाली की आई एवढंच म्हणेल, "तुझ्या मामानेसुद्धा एकदाच पेटवली होती." या एका वाक्यात घरावर येऊन गेलेलं संकट आहे, आईची भीती आहे, आणि मामाचं पुढे काय झालं हा प्रश्न वाचकाच्या मनात राहतो.

युद्धाचा इतिहास याच प्रश्नाच्या मागून येऊ द्या. तिसऱ्या प्रकरणात रेवाला मामाचं नाव शिपायाच्या वहीत सापडतं ना, तिथे वाचक स्वतःच विचारत असेल. तिथे सलग दोन परिच्छेद सरळ निवेदन केलंत तरी चालेल. इतिहास सांगण्याला माझा विरोध नाही, फक्त प्रश्न आधी पडायला हवा.

नवा मसुदा तयार झाला की कादंबरीबद्दल काहीच माहीत नसलेल्या एखाद्याला पहिलं प्रकरण द्या. 'आवडलं का' असं विचारू नका. आता काय जाणून घ्यावंसं वाटतंय, ते विचारा. बाकावरच्या म्हाताऱ्याचं किंवा मामाचं काय झालं, असं विचारलं तर पार्श्वभूमी नीट मुरली आहे. 'ही मुलगी रताळं का धरून बसलीय?' असं विचारलं, तर हात गार पडण्याबद्दल आणखी एक साधं वाक्य घाला आणि ते शिपाई मनगट धरण्याच्या आधी घाला.