शाखा बदलण्याआधीचा श्रेयांकांचा हिशेब
नव्या विभागाने तुमचे साठही श्रेयांक मान्य केले, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. त्यांपैकी किती सक्तीच्या विषयांच्या जागी धरले जातील आणि किती नुसते जादा म्हणून पडून राहतील, हे लेखी मागून घ्या. समजा, 120 श्रेयांकांच्या पदवीत 36च उपयोगी ठरले, तर 84 उरतात आणि सत्राला 20 घेतले तरी तीनऐवजी पाच सत्रे लागतात. एकामागून एकच घेता येणाऱ्या विषयांची साखळी सहा सत्रांची असेल, तर जास्त श्रेयांक घेऊनही वेळ वाचत नाही. माझ्या मते ही साखळीच आधी मोजावी. मन एका अवघड विषयामुळे उडाले असेल, तर दोन्ही पदव्यांत धरला जाणारा नव्या शाखेचा एखादा पायाभूत विषय आधी घेऊन पाहा.