हिरव्या हंड्याची गोष्ट

प्रश्न: तांब्याचे जुने भांडे हिरवे का पडते, हे माझ्या दहा वर्षांच्या मुलीला गोष्टीतून सांगायचे आहे. एखादी गोष्ट सुचवाल का?

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि या विषयासाठी मुक्ताची गोष्ट रचून सांगते. मूल स्वतः शंका काढते आणि स्वतःच ती तपासते, एवढीच तिची रचना आहे.

सुट्टीत वाईला आजीकडे आलेल्या मुक्ताला माळ्यावर तांब्याचा एक हंडा सापडतो. त्याची एक बाजू चॉकलेटी असते, पण कौलांतून गळणाऱ्या पाण्याने ओल धरलेल्या भिंतीला टेकलेली बाजू मात्र हिरवीगार असते. "आजी, हंड्यावर शेवाळ उगवलंय!" असे ती ओरडते. आजी म्हणते, "अगं, माळ्यावर उजेडाचा कवडसाही येत नाही, तिथे शेवाळ कसं वाढेल?" मुक्ता लाकडी काडीने थर खरवडते, तेव्हा बुळबुळीत काही लागत नाही, कोरडी हिरवी पूड कागदावर पडते.

ही पूड ती रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मामाकडे नेते. मामा ती परीक्षानळीत घालून तापवतो आणि नळीतून निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडतो. येथे सांगणाऱ्याने अजिबात घाई करू नये, कारण एकाच वेळी तीन गोष्टी घडतात: पूड काळी पडते, नळीच्या थंड तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात आणि निवळी दुधाळ होते. निवळी दुधाळ करणारा वायू म्हणजे आपल्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, हे मुक्ताला शाळेतल्या प्रयोगामुळे ठाऊक असते. नळीत उरलेली काळी पूड तांबे आणि ऑक्सिजन यांची आहे, असे मामा सांगतो. म्हणजे तांबे, ऑक्सिजन, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड हे चौघे त्या हिरव्या पुडीत एकत्र होते, हे तिचे तिलाच उमगते. मोठ्या मुलांसाठी मी फळ्यावर पुढील समीकरणही लिहिते:

2Cu + O2 + CO2 + H2O → CuCO3·Cu(OH)2

मग हंड्याची दुसरी बाजू चॉकलेटी का राहिली, असे ती विचारते. कोरड्या हवेत तांब्यावर ऑक्साइडचा पातळ तपकिरी थर येतो आणि गोष्ट बहुधा तिथेच थांबते. हिरव्या थरासाठी पाण्याचा पापुद्रा दीर्घकाळ टिकावा लागतो, आणि तो ओल्या भिंतीच्या बाजूलाच टिकला होता.

तिचा पुढचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो: "मामा, परसातल्या लोखंडी घमेल्याला गंजून भोक पडलं, मग हंड्याला का नाही रे पडलं?" लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, त्याचे पापुद्रे सुटून खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते, तांब्याचा हिरवा थर मात्र घट्ट चिकटून बसतो आणि खालच्या धातूपर्यंत हवा व ओल पोहोचण्याचा वेग बराच कमी करतो. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ पासून समुद्रकाठी उभा आहे. त्याचा तांब्याचा पत्रा जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीचा असूनही टिकला, यात अशाच हिरव्या थराचा मोठा वाटा आहे. मात्र तेथील थर प्रामुख्याने सल्फेटचा आहे, आणि खाऱ्या हवेत क्लोराइडचाही थर बनतो. म्हणून कोकणातल्या घरातल्या भांड्याची पूड घेतली, तर निवळी तितकी दुधाळ होईलच असे नाही.

शेवटी आजी चिंचेचा कोळ आणि मीठ लावून हंडा घासते. आंबट पदार्थातले आम्ल हिरवा थर विरघळवते आणि खालचे लालसर तांबे दिसू लागते. ते हिरवट पाणी ती मुक्ताला हात न लावू देता ओतून टाकते, कारण त्यात विरघळलेले तांबे असते आणि ते पोटात गेल्यास मळमळ व उलट्या होतात. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक कळकते तेही याच कारणाने, आणि म्हणूनच आंबट पदार्थांच्या भांड्यांना आतून कल्हई करतात, हे आजीच्या तोंडून सांगावे.

घरी करून पाहायचे असेल, तर मुलीला चिंचेचा भागच करू द्या, तोही हातमोजे घालून. पूड तापवण्याचा प्रयोग मोठ्यांनी मोकळ्या हवेत करावा आणि थर खरवडण्याआधी किंचित ओला करावा, म्हणजे धूळ नाकात जाणार नाही. पूड वाळल्यावरच नळीत घालावी, अन्यथा दिसलेले थेंब कोणत्या पाण्याचे हे कळणार नाही. घासलेले भांडे भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडे पुसा, कारण मिठाचा अंश राहिला तर काही दिवसांतच त्यावर पुन्हा हिरवे डाग उमटतात.